बी आणि बी सारखेच की!

"सहीचा कागद पुढं आला की हातच उचलत नाही. नवऱ्याचा गट पण बीच आहे, मग घरचं सोडून बाहेरचं रक्त कशाला?"

मिरजेच्या वॉर्डात हे इतक्यांदा ऐकलंय, की आता मी आधी रक्त चढवायच्या संमतीचा कागदच बाजूला ठेवते. कागद समोर असला की माणूस ऐकत नाही, हे माझं जुनं मत आहे.

ही तासगावकडची, पहिलटकरीण. बाळंतपणात फार रक्त गेलेलं, हिमोग्लोबिन ५.८. तिचा गट बी निगेटिव्ह. नवरा आणि बाळ बी पॉझिटिव्ह. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पोराचं रगत हाय की!"

मी सांगितलं, बी हे तांबड्या पेशीवरच्या एका खुणेचं नाव. पॉझिटिव्ह म्हणजे डी नावाची आणखी एक खूण. ती हिच्या पेशींवर नाही.

"म्हंजे आडनाव एक, पण भावकी वेगळी?" ती म्हणाली. इतकी वर्षं मी खुणांची चित्रं काढत आले, पण हे मला सुचलं नव्हतं.

मग तिने नेमकं विचारलं, "बाळ पॉझिटिव्ह म्हणून काल इंजेक्शन दिलं ना? मग आता काय भीती?"

ते अँटी-डी. बाळाचं जे थोडं रक्त आईत मिसळतं, तेवढ्यापुरतं ते असतं. ३०० मायक्रोग्रॅमचा डोस साधारण १५ मिली तांबड्या पेशी निस्तरतो. पिशवीत त्याच्या कितीतरी पट पेशी असतात. चुकीच्या एबीओ गटाचं रक्त गेलं तर लगेच जिवावर बेततं, कारण त्याविरुद्धच्या अँटीबॉडी अंगात आधीपासूनच असतात. डीचं तसं नाही. पहिल्यांदा बहुधा काहीच जाणवत नाही, पण शरीर ती खूण लक्षात ठेवतं. पुढच्या गरोदरपणात बाळ पॉझिटिव्ह असलं, तर डीविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी वारेतून जाऊन पोटातल्या बाळाच्या पेशी फोडतात.

"आणि माझं?" तिच्या भावाने विचारलं. तो बी निगेटिव्ह होता. जवळच्या नात्यातलं रक्त विकिरण केल्याशिवाय, म्हणजे किरणांनी त्यातल्या पांढऱ्या पेशी निकामी केल्याशिवाय देत नाहीत. नाहीतर दात्याच्या त्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात. क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेक जीवच जातो. त्याने रक्तपेढीत दुसऱ्या कुणासाठी रक्त दिलं.

तरी सही होईना. शेवटी खरं बाहेर आलं: "सही केली की डॉक्टर मोकळे, न्हवं?"

मग मी कागद वाचून दाखवला. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया यांच्या तपासण्या होतात. तरी अगदी ताजा संसर्ग क्वचित निसटतो. ताप, पुरळ येऊ शकतं. चूक झाली तर जबाबदारी या सहीने पुसली जात नाही. सगळ्यात घातक चूक बहुधा प्रयोगशाळेत होत नाही, खाटेपाशी होते: एकाची पिशवी दुसऱ्याला. म्हणून नाव आपण सांगायचं, नर्सने सांगितलेल्याला नुसतं "हो" म्हणायचं नाही. पहिली पंधरा मिनिटं रक्त हळू सोडतात. थंडी, कंबरदुखी, धाप, काहीही वाटलं तर लगेच हाक मारायची.

तिने सही केली. संध्याकाळी पिशवी आली तेव्हा नर्सने विचारायच्या आत तिने पूर्ण नाव सांगितलं, आणि म्हणाली, "ताई, पिशवीवरचं निगेटिव्ह मोठ्यानं वाचा."