फना झाल्यावर उरतं कोण?

प्रश्न: कव्वालीत 'फना' सारखं ऐकू येतं, आणि एका लेखात 'फना आणि बका' अशी जोडी वाचली. फना म्हणजे माणूस अल्लाहमध्ये विरघळून संपतो असंच ना? मग संपल्यावर बका कोणाची? मला सूफींचं काहीच माहीत नाही, प्लीज सोपं करून सांगा.

उत्तर: विरघळून संपतो हे जुन्या सूफी लेखकांना अजिबात मान्य नाही, त्यामुळे तिथूनच सुरुवात करू. फना म्हणजे नाहीसं होणं आणि बका म्हणजे टिकून राहणं, एवढं तुम्हाला कळलेलंच आहे. जोडी मुळात कुराणातली, ५५व्या सूरेत लागोपाठ दोन आयती आहेत (२६ आणि २७), की पृथ्वीवरचं सगळं फानी, म्हणजे नाशिवंत, आहे आणि उरेल तो तुझ्या रबचा चेहरा. तिथे विषय अख्ख्या सृष्टीचा आहे. ९व्या शतकात इराक-इराणकडच्या सूफींनी तो जिवंत माणसाच्या आतल्या अनुभवाला लावला, आणि हे नीट मांडणारा पहिला माणूस म्हणून बगदादच्या अबू सईद खर्राझचं नाव घेतात. त्याचं म्हणणं साधारण असं, की आपण बंदगी, म्हणजे अल्लाहची सेवा, करतोय ही जाणीव जाणं म्हणजे फना, आणि फक्त अल्लाहकडे लक्ष लागून राहणं म्हणजे बका. बघा, बंदगी गेली असं तो म्हणत नाही, 'मी बंदगी करतोय' हे गेलं म्हणतो. अख्खा विषय या फरकावर उभा आहे.

आता संपतं नक्की काय, यासाठी ११व्या शतकातल्या कुशैरीने दिलेला दाखला मला सगळ्यात आवडतो. कुराणातली यूसुफची गोष्ट. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, अझीझ नावाच्या बड्या अधिकाऱ्याची बायको यूसुफवर भाळली म्हणून शहरातल्या बायका तिच्याबद्दल कुजबुजायला लागतात, मग ती सगळ्यांना घरी बोलावते, प्रत्येकीच्या हातात सुरी देते आणि यूसुफला समोर यायला सांगते. त्याला बघून त्या इतक्या हरखतात की स्वतःचे हात कापून घेतात आणि म्हणतात हा माणूसच नाही. कुशैरी म्हणतो, एका माणसाला बघून हे होत असेल तर ज्याला खुद्द हकचं, म्हणजे अल्लाहचं, दर्शन झालं त्याला स्वतःची आणि जगाची शुद्ध राहिली नाही यात नवल काय? आणि पुढे तो स्पष्ट सांगतो की अशा माणसाचा जीव जागेवर आहे, लोकही जागेवर आहेत, फक्त त्याला त्यांची खबर नाही. त्या बायकांचे हात काही गायब झाले नव्हते ना, रक्त आलंच असणार. गेलं ते भान.

लाहोरचे हुजवीरी (दाता दरबारवाले, 'कश्फुल महजूब' हे पुस्तक त्यांचंच) हेच दुसऱ्या बाजूने सांगतात. लोखंड आगीत घातलं की आगीसारखं लाल होतं, चटका देतं, पण म्हणून लोखंडाची आग झाली असं होत नाही. गुण बदलला, धातू तोच. म्हणून वस्तूच नष्ट होते किंवा माणसाचा अल्लाह होतो असं समजणाऱ्यांवर ते चांगलेच वैतागलेले दिसतात.

मग ही फना होते कशी? इथे जुनैद बगदादी (मृत्यू ९१०) सगळ्यात पद्धतशीर आहे, तो तीन पायऱ्या सांगतो. मी त्या एकाच माणसावर लावून दाखवते, उदाहरण माझं आहे. समजा एकजण तहज्जुदच्या, म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या ऐच्छिक, नफल नमाजसाठी उठायला लागला. सुरुवातीला झोप सोडवत नाही, मनाला जे हवं त्याच्या उलट रोज करायचं, असं करत करत आळस, राग, हाव यांची पकड सुटते. ही पहिली फना आणि यात मेहनत आहे. मग काही काळाने त्याला त्या नमाजची गोडी लागते, रात्रीची शांतता, डोळ्यात पाणी वगैरे, आणि नकळत तो उठतो त्या गोडीसाठीच. जुनैदच्या हिशोबाने हाही अडसरच, तीही सुटायला हवी. आणि तिसरी पायरी म्हणजे 'मला काहीतरी मोठं दिसलंय, मी पोचलोय' याचीही दखल राहत नाही. फना झाल्याचं भान असेल तर भान असणारा अजून शिल्लक आहेच की! ही तिसरी प्रयत्नाने जमत नाही, ती वरून येते असं हे लोक मानतात.

आता तुमचा खरा प्रश्न, बका कोणाची. तर त्याच माणसाची. तो परत येतो, चारचौघात वावरतो, शिष्यांना शिकवतो, पण करणारा आपण आहोत असं त्याला आतून वाटत नाही. यासाठी हे लेखक एका हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनाचा, आधार घेतात (बुखारीच्या संग्रहात आहे), त्यात अल्लाह म्हणतो की बंदा नफल इबादतीने माझ्या जवळ येत राहतो, मग मी त्याच्यावर प्रेम करतो, आणि तेव्हा तो ज्याने ऐकतो तो कान मी होतो, ज्याने बघतो तो डोळा मी होतो. ऐकणारा-बघणारा माणूस त्यात आहेच.

जुनैदच्या मते बका ही फनाच्या पुढची गोष्ट. बायझीद बिस्तामी या सूफीच्या तोंडून 'सुब्हानी', म्हणजे 'माझीच थोरवी', असं निघून गेलं आणि लोक हादरले, कारण हे शब्द फक्त अल्लाहचे. जुनैदने त्याला काफिर म्हटलं नाही, उलट त्याच्या बोलण्यावर टिपण लिहिलं, पण मत दिलं की एवढा मोठा माणूस अजून सुरुवातीच्याच अवस्थेत आहे. नशा चढली, उतरल्यावरची शुद्ध अजून यायची आहे. कव्वालीत नशेचा भाग जास्त येतो, साहजिक आहे, शुद्धीवर आलेल्या माणसावर कोण टाळ्या वाजवणार! त्यामुळे आपल्याला फनाच माहीत असते.

खरी-खोटी फना कशी ओळखायची यावरही त्यांनी लिहिलंय. १०व्या शतकातला सर्राज अशा लोकांना झापतो ज्यांना वाटलं की खाणंपिणं सोडून शरीर झिजवलं की माणूसपण गळून पडेल. काळ्या वस्तूतून जसा काळेपणा जात नाही तसं माणसातून माणूसपण जात नाही, असं त्याचं म्हणणं. आणि एक किस्सा कलाबाधी या सूफी लेखकाने दिलाय. नूरी नावाचा सूफी बगदादच्या शूनीझी मशिदीत कित्येक दिवस खाणं-पिणं-झोप सोडून 'अल्लाह अल्लाह' करत उभा होता, पण प्रत्येक नमाज वेळेवर पढत होता. कोणीतरी म्हणालं, म्हणजे हा शुद्धीवर आहे, नाटक आहे. जुनैद म्हणाला नाही, अशा लोकांना त्या अवस्थेत सांभाळलं जातं. म्हणजे नमाज चुकली नाही हे त्याच्यासाठी संशयाचं कारण नव्हतं. याउलट 'मी पोचलो, आता नमाज-रोजा मला लागू नाही' म्हणणारा यांच्या लेखी सरळ फेल. बाहेरच्या आचरणाला खोटं पाडणारं आतलं सगळं बातिल, म्हणजे फोल, हे वाक्य खर्राझच्याच नावावर आहे.

एक सांभाळा, आपल्याकडे हे वाचलं की लगेच 'म्हणजे अद्वैतच की' असं होतं. इब्न अरबी या सूफी विचारवंताच्या परंपरेतले लोक त्या बाजूला बरेच जातात हे खरं, पण सगळे नाही. १७व्या शतकात पंजाबातल्या शेख अहमद सरहिंदींनी ठणकावून सांगितलं की 'सगळं एकच' हे फनाच्या वेळी दिसतं, तसं असतं असं नाही, आणि त्याच्या पुढे गेलेल्याला आपण बंदा आणि तो मालिक हे अंतर पुन्हा स्वच्छ दिसतं. त्यांच्या लेखी सगळ्यात वरचा मुक्काम बंदगीचाच.