‘दुसरं मूल नको, मग पाळी गेली तर बिघडलं कुठं?’

प्रश्न : माझं वय ३४. नऊ महिने झाले, पाळी आलेली नाही. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, अंडाशय वेळेआधीच थकलेत, पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या घ्या. मला एक मुलगी आहे, दुसरं मूल नको. मग पाळी गेली तर बिघडलं कुठं? आणि सोळा वर्षं हार्मोन खाऊन कॅन्सर ओढवून घ्यायचा का?

हुपरीच्या एक ताई कोल्हापुरात माझ्यासमोर बसून जवळपास हेच बोलल्या होत्या. ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांच्या परवानगीनं त्यांची हकीकत सांगते. वय ३५, घरबसल्या पैंजणांना घुंगरू जोडायचं काम. “मॅडम, कटकट गेली म्हणून मी खूशच हाय. हे मागं का लागल्यात?” हे त्यांचं पहिलं वाक्य. सोबत आलेल्या सासूबाईंनीही मान हलवली. त्यांची स्वतःची पाळी चाळिशीनंतर गेली होती, आणि त्या ठणठणीत होत्या.

आधी मी त्यांची कागदपत्रं लावून घेतली, कारण त्यांचा निम्मा घोळ तिथंच होता. पाळी लांबायला लागल्यावर गावातल्या डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. दर महिन्याला रक्तस्राव व्हायला लागला, म्हणून सगळ्यांना वाटलं, पाळी सुरळीत झाली. पण तो रक्तस्राव गोळ्या थांबल्याचा असतो. अंडाशय काम करतात की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्या गोळ्या चालू असतानाच एफएसएचची तपासणी झाली आणि रिपोर्ट नॉर्मल आला. इथंच फसगत झाली. एफएसएच हे पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन. त्यामुळं अंडाशय कामाला लागतात, आणि त्यांच्याकडून इस्ट्रोजेन आलं नाही की ग्रंथी ते आणखी आणखी सोडत राहते. गोळीतलं इस्ट्रोजेन बाहेरून मिळालं की ग्रंथी गप्प बसते आणि आकडा खाली येतो. म्हणून गोळ्या चालू असताना केलेल्या या तपासणीवर विसंबता येत नाही.

गोळ्या बंद करून दोन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा एफएसएच ७१ आलं. पाच आठवड्यांनी परत केलं, ७८. इस्ट्राडिऑल, म्हणजे अंडाशयातून येणारं मुख्य इस्ट्रोजेन, २० च्याही खाली. वय चाळिशीच्या आत, पाळी चार महिने किंवा जास्त अनियमित किंवा बंद, आणि एफएसएच २५ च्या वर, असं असलं की प्रिमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी, म्हणजे अंडाशय वेळेआधी थकणं, हे निदान करतात. त्याआधी गर्भ नाही, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक आहे, एवढं पाहिलेलं असावं लागतं. लॅबच्या पॅकेजमध्ये एएमएच, म्हणजे अंडाशयात उरलेल्या बीजांचा अंदाज देणारं हार्मोन, कमी आलं म्हणून घाबरून येणाऱ्या मुली मला बऱ्याच भेटतात. नुसत्या त्या आकड्यावर हे निदान होत नाही. कारण शोधायला ताईंची गुणसूत्रांचीही तपासणी झाली. काही सापडलं नाही, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत असंच होतं.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांची पाळी गेली ४७ व्या वर्षी. म्हणजे सुनेपेक्षा बारा वर्षं जास्त त्यांच्या हाडांना इस्ट्रोजेन मिळालं. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवं बनतं. झिजेला लगाम घालायचं काम इस्ट्रोजेन करतं. मी ताईंना त्यांच्याच धंद्यातलं विचारलं : चांदी आटवताना घट येते, ती भरून न काढता बारा वर्षं काम चालवलं तर शेवटी तराजूत काय उरेल? त्या हसल्या, पण हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा रिपोर्ट मग त्यांनीच पुढं सरकवला. मणक्याचा झेड-स्कोअर उणे २.१. त्यांच्याच वयाच्या बायकांशी तुलना करून हा आकडा काढतात, आणि उणे २ किंवा त्याखाली म्हणजे वयाच्या मानानं हाडांची घनता कमी. दुखत काहीच नव्हतं. हाड मोडेपर्यंत दुखत नाही, हीच अडचण आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतंच, पण इस्ट्रोजेनची जागा ते घेऊ शकत नाहीत.

हृदयाचंही तसंच. इस्ट्रोजेन लवकर गेलं की वाईट कोलेस्टेरॉल वाढू लागतं, रक्तवाहिन्यांची लवचिकता कमी होते, आणि पुढं हृदयविकाराचा धोका त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा जास्त राहतो. ताई मिश्री लावायच्या. गोळीवरून वाद घालण्याआधी मिश्री सोडा, असं मी जरा कडकच बोलले. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल वेळोवेळी बघायचं ठरलं.

कॅन्सरची भीती कुठून आली, तेही सांगायला हवं. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास बाहेर आला आणि ‘हार्मोन म्हणजे स्तनाचा कॅन्सर’ हे डोक्यात बसलं. त्यातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी ६३. निसर्गानं हार्मोन थांबवल्यावर वरून दिलेलं ते होतं. पस्तिशीच्या बाईला जे देतात ते तिच्या मैत्रिणींच्या शरीरात आपोआप तयार होतंय, तेवढंच. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत ते घेतल्यानं, नियमित पाळी येणाऱ्या समवयस्क बायकांपेक्षा स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. पन्नाशीनंतर चालू ठेवायचं का, हा तेव्हाचा वेगळा निर्णय. मात्र स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर हे उपचार सहसा देत नाहीत. रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल तर गोळीऐवजी त्वचेतून जाणारी जेल किंवा पट्टी पाहतात. हे डॉक्टरांना आधीच सांगा.

ताईंना रोज २ मिलिग्रॅम इस्ट्राडिऑल, आणि महिन्यातले १२ दिवस रात्री झोपताना २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन सुरू झालं. रात्री अशासाठी, की त्यानं झोप येते. चार महिन्यांनी त्या आल्या, तरतरीत. घाम, चिडचिड कमी झालेली. सहज विचारलं, दुसरी गोळी चालू आहे ना? “ती नवरात्रात सोडली. ती घेतली की अंगावर जातं. अंबाबाईला जायचं होतं.” आणि नवरात्रानंतर परत सुरूच केली नव्हती. एवढी हुशार बाई, पण दोन गोळ्यांतली नेमकी कोणती का आहे, हे तिला कुणी समजावलंच नव्हतं.

गर्भाशय असलेल्या बाईनं एकटं इस्ट्रोजेन घेत राहणं धोक्याचं. त्यानं आतलं अस्तर जाड होत जातं, आणि काही वर्षांत तिथला कॅन्सर होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन हे त्या अस्तरासाठी असतं. म्हणजे ज्या कॅन्सरला ताई भीत होत्या, त्याचीच एक वाट त्यांनी गोळी वाचवून उघडली होती. डॉक्टरांनी सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहिली. सुदैवानं ठीक होती.

अंगावर जाणं नको, एवढंच असेल तर त्याला मार्ग आहेत. ताईंनी गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन निवडलं, दिसायला तांबीसारखंच. त्यातून प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन थेट अस्तरावर जातं, रक्तस्राव बहुतेक अगदी कमी होतो. दुसरा फायदा तुम्हालाही लागू आहे : या साधनानं गर्भ राहणंही टळतं. थकलेले अंडाशय मधूनच जागे होतात, आणि अशा शंभरातल्या पाच ते दहा जणींना आपोआप दिवस जातात. रोजच्या हार्मोनच्या गोळ्यांनी गर्भ राहणं थांबत नाही. दुसरं मूल नको असेल तर त्यासाठी वेगळं काहीतरी वापरावं लागेल.

पुढच्या भेटीला जाताना तुमच्या चिठ्ठीतली प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. डेक्सा झाला नसेल तर विचारा. रक्त काढलं तेव्हा दुसरी कुठली हार्मोनची गोळी चालू होती का, तेही आठवून सांगा.