हजार माणसांचं मंगल कार्यालय: आधी जेवणाचा हिशोब करा

प्रश्न: "गावाबाहेर रोडला लागून दोन एकर जागा आहे, हजार माणसांचं कार्यालय बांधायचंय. हॉल, स्टेज, डायनिंग, किचन, पार्किंग कसं बसवावं?"

आमचं सातारा भागात कार्यालय आहे, १४ वर्षं मीच चालवतोय, त्यावरून सांगतो. सगळे हॉल आणि स्टेजपासून सुरुवात करतात, तुम्ही डायनिंगपासून करा. कारण आपल्याकडची दुपारची लग्नं म्हणजे पाहुणे तासभर थोडेथोडे येतात, पण शेवटची अक्षता पडली की सगळे एकदम उठतात आणि एकाच दिशेला चालायला लागतात. रिसेप्शनला तसं होत नाही, सातपासून दहापर्यंत लोक येत जात राहतात, बुफे आरामात चालतो.

आता हिशोब बघा. मुहूर्त १२:३५ चा, म्हणजे पहिली पंगत १२:५० ला बसणार. हजारातले घरचे दीडशे शेवटी जेवतात, राहिले ८५०. टेबलावरची एक पंगत उठून, टेबल पुसून परत पानं मांडेपर्यंत ४० मिनिटं जातात, त्याच्या आत होत नाही, वाढपी कितीही असू देत. डायनिंग ३०० चं केलं तर तिसरी पंगत बसायलाच २:१० होतात आणि घरचे ३ च्या सुमारास जेवतात, तोवर नवरीचे आईवडील उपाशी उभे. तेच ४३० चं केलं की दोन पंगतीत पाहुणे संपतात आणि २:१० ला घरचे बसतात. वाढप्याला फिरायची वाट धरून माणशी १२ फूट म्हणजे साधारण ५२०० स्क्वेअर फूट लागतं, आणि हॉलला दर खुर्चीला ८ फूट धरले तर ८००० पुरतं.

आमची पहिली चूक दाराची होती. हॉलमधून डायनिंगला एकच दार, त्याच्याच बाजूला हात धुवायचे बेसिन. जेवून उठलेले बाहेर येतायत, पुढच्या पंगतीचे आत घुसतायत, आणि लोक जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे जागा धरून उभे राहतात, ते बघून फार वाईट वाटायचं. आता आत यायचं दार हॉलच्या बाजूला आहे, बाहेर जायचं समोरच्या भिंतीला, बेसिन त्या दाराच्या बाहेर आणि तिथून सरळ पार्किंग. एवढ्यानेच निम्मी गर्दी कमी झाली. बेसिनला नळ २० तरी घ्या, एक पंगत एकदम उठते.

किचन डायनिंगला चिकटून आणि एकाच लेव्हलला पाहिजे, मध्ये एक पायरीसुद्धा नको, गरम आमटीची बादली घेऊन पळणारा पोरगा तिथेच घसरतो. डायनिंगच्या त्या बाजूला दोन दारं ठेवा, एकातून वाढप जाणार आणि दुसऱ्यातून खरकटं सरळ भांडी घासायच्या जागेवर, किचनमधून नाही. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे वारं पश्चिमेकडून असतं म्हणून किचन पूर्वेला घ्या, नाहीतर फोडणीचा ठसका हॉलमध्ये. आग्नेय कोपरा मिळाला तर वास्तूवालेही खूश. कमर्शियल सिलेंडर भट्टीजवळ नकोच, बाहेर जाळीच्या खोलीत ठेवून आत पाईपने गॅस घ्या. भाजी, सिलेंडर, आचारी यांचं गेट मागून वेगळं.

स्टेज ४० बाय २० आणि अडीच फूट उंच भरपूर होतो. जिने मात्र दोन पाहिजेत, एकीकडून चढायचं, दुसरीकडून उतरायचं, उतरायचा जिना डायनिंगच्या दाराकडे. एकच जिना असला की आहेर देऊन उतरणारे आणि चढणारे समोरासमोर येतात. पायरी ६ इंचाचीच करा, आजी मंडळींना चढता आलं पाहिजे.

पार्किंगला दर कारला वळायच्या जागेसकट २५० स्क्वेअर फूट धरा, १२० गाड्या म्हणजे ३०,००० फूट, बाईकला ३० फूट धरून २०० बाईकचे ६००० होतात. दोन एकर म्हणजे ८७,००० फूट, सगळं बसतं. घोटाळा जागेचा नसतो, गेटचा असतो. नवरदेव मारुतीच्या दर्शनाहून वाजतगाजत येतो तो मुहूर्ताच्या आधी अर्धा तास, आणि त्याच वेळी निम्म्या गाड्या येतात. वाजंत्री गेटात नाचत थांबले की रोडवर गाड्यांची रांग. म्हणून वरातीला पायी यायची वाट वेगळी ठेवा, आणि गाड्यांचं गेट रोडपासून ५०-६० फूट आत घ्या, म्हणजे एका रांगेत तीनएक गाड्या तुमच्याच जागेत थांबतील. गेट फायर ब्रिगेडची गाडी सहज आत येईल एवढं रुंद हवंच, आणि वरती कमान करणार असाल तर तीही त्या गाडीला पुरेल एवढी उंच. बाहेर पडायचं गेट दुसरं, कारण दीड वाजता पहिली पंगत निघते तेव्हा उशिरा येणारे अजून आत येतच असतात.