नीटच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी काय सुरू करावे?

प्रश्न : "मी समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून लातूरमध्ये राहतो. परीक्षेचा ताण घेणारी मुले आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेले पालक यांच्यासाठी एखादे उत्पादन किंवा आधारगट सुरू करायचा विचार आहे. नेमके काय चालेल?"

उत्पादन बाजूला ठेवा आणि पालकांचा गट आधी सुरू करा, असे मी सुचवेन. मी याच क्षेत्रात काम करतो. बाहेरगावाहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या आठवड्यातला सर्वांत अवघड प्रसंग बहुतेकदा पेपर हा नसतो, तर पेपरानंतर घरून येणारा फोन हा असतो. अनेक क्लासेस साप्ताहिक चाचणीचे गुण थेट पालकांच्या मोबाईलवर पाठवतात, त्यामुळे मुलाला स्वतःच्या चुका पाहायला सवड मिळण्यापूर्वीच त्याला घरी उत्तर द्यावे लागते.

गट आठ ते दहा पालकांचा असावा, पंधरवड्यातून एकदा सव्वा तास भरावा आणि त्यात मुले नसावीत. जानेवारीत सुरुवात केली तर मे महिन्यातल्या नीटपर्यंत पुरेशा बैठका होतात. पहिल्याच दिवशी एक नियम ठरवून घ्या : कोणीही आपल्या मुलाचे गुण, क्रमांक किंवा क्लासचे नाव उच्चारायचे नाही. हा नियम जाचक वाटतो खरा, पण तो मोडला की दुसऱ्या बैठकीपासून गटाचे रूपांतर तुलनेच्या कट्ट्यावर होते. कमी गुणवाल्या मुलाचे पालक येणे बंद करतात, आणि गट बिघडल्याची हीच पहिली खूण असते. व्हॉट्सॲप गट काढावाच लागला, तर त्यावर फक्त बैठकीची वेळ कळवा.

बैठकीचा गाभा म्हणजे फोनचा सराव. दोन पालकांना पाठीला पाठ लावून बसवायचे. एकाने वडील व्हायचे, दुसऱ्याने मुलगी. नेहमीचा संवाद असा होतो : "किती पडले?" "चारशे दहा." "मागच्या वेळी जास्त होते ना? पहिल्या आलेल्याला किती?" मुलगी झालेले गृहस्थ तिसऱ्या प्रश्नाला गप्प होतात. मग तोच फोन पुन्हा करायला सांगायचा, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आणि पहिली दहा मिनिटे गुणांचा विषय मुलीने काढला तरच. "जेवलीस का, झोप लागते का?" एवढ्यावरही सुरुवातीला अनेकांची गाडी अडते. गुणांबद्दल विचारायचेच असेल तर "कोणता भाग राहून गेला, त्यावर सरांशी बोललीस का?" असे विचारावे, कारण त्याचे उत्तर देताना मुलीला पुढचे पाऊल सुचते. पुढच्या बैठकीत प्रत्यक्ष फोन कसा झाला ते प्रत्येकाने सांगायचे. कोण कधी फोन करतो हे आता मुलेच ठरवू लागली का, एवढेच मी पाहतो.

मुलांसाठी काही द्यायचेच असेल तर साधी वही द्या. 2011 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटे आपल्या काळज्या लिहून काढणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली दिसली होती. पुढे तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही, म्हणून "गुण वाढतील" असे सांगून ही वही विकू नका. शिवाय नीटच्या केंद्रात दुपारी दीडला फाटक बंद होते, पेन केंद्रावरच मिळते आणि पेपर दोनला सुरू होतो. तिथे लिहायला बसणे शक्यच नाही. ही सवय साप्ताहिक चाचणीआधीच लावावी लागते. त्याहून उपयोगाचा मला दुपारचा सराव वाटतो : शेवटच्या महिन्यात दर रविवारी सकाळी अकराला हलके जेवून, दोन ते पाच असा पूर्ण 180 प्रश्नांचा पेपर ओएमआर पत्रिकेसह सोडवणे. रात्री जागून सकाळी झोपणाऱ्या मुलांना ऐन पेपराच्या वेळी डुलकी येते, हे त्यात लगेच उघडे पडते.

गटाची मर्यादाही आधीच सांगा. मूल दोन आठवडे सलग झोपत नसेल, जेवण टाकत असेल, आपल्या वस्तू वाटून देत असेल किंवा मरण्याविषयी बोलत असेल, तर बैठकीची वाट न पाहता त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे आणि तोवर एकटे सोडू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. तो क्रमांक प्रत्येक पालकाच्या मोबाईलमध्ये तुमच्यासमोरच साठवून घ्या.

शेवटची बैठक परीक्षेआधी घेऊ नका; ती निकालाच्या आठवड्यात, पण निकालाआधी ठेवा. परीक्षा झाली की सगळे पांगतात आणि खरी घालमेल निकालाच्या दिवशी होते. त्या बैठकीत प्रत्येक पालकाने पर्यायांचा कागद भरून न्यावा : नीटच्याच गुणांवर बीएएमएस किंवा बीएचएमएस, एमएचटी-सीईटी दिली असल्यास औषधनिर्माणशास्त्र, नाहीतर आणखी एक वर्ष, आणि ते घेतले तर घरचा खर्च किती. हा कागद निकालाच्या आदल्या रात्री मुलाला दाखवायचा, निकालानंतर नव्हे.