एका कानात पाणी असताना आवाजाची दिशा का चुकते

प्रश्न: "डाव्या पडद्यामागे पाणी साचलंय, तपासणीत त्या कानाला ३० डेसिबल कमी ऐकू येतं, कॉक्लिया ठीक आहे. दोन्ही कानांनी ऐकू येतं, तरी हॉर्न कुठून आला ते कळत नाही, सगळं उजवीकडूनच वाटतं. मेंदूत काही बिघाड असेल का?"

तुम्ही सांगताय त्यावरून मेंदूकडे बोट दाखवण्याचं कारण दिसत नाही. बिघाड पडद्यामागेच आहे. मेंदूला मिळणारी माहितीच वाकडी आहे.

आधी तो ३० डेसिबलचा आकडा बघू. हवेतला आवाज थेट कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या अवयवातल्या द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळा परततो, हजारातला एखादाच भाग आत शिरतो. हा तोटासुद्धा साधारण ३० डेसिबलचाच. तो भरून काढायला मधल्या कानात तीन हाडं आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौ. मि.मी., आणि रिकिबीचा तळ जेमतेम ३.२. म्हणजे मोठ्या पृष्ठभागावरचं बल सतरापट लहान जागेवर येतं. हाडांच्या तरफेमुळे आणखी १.३ पट. एकूण दाब साधारण २२ पट वाढतो, म्हणजे सुमारे २७ डेसिबल. तोटा बहुतेक भरून निघतो. यालाच इम्पीडन्स जुळवणं म्हणतात. तुमच्या कानात हाडं शाबूत आहेत, पण पडद्यामागे साचलेल्या द्रवामुळे पडदा मोकळेपणाने हलत नाही आणि या व्यवस्थेचा बराच फायदा वाया जातो.

आता दिशा. डावी-उजवी बाजू ओळखायला मेंदू दोन कानांची तुलना करतो. सुमारे १५०० हर्ट्झच्या खालच्या आवाजांत मुख्यतः वेळेतला फरक वापरला जातो. तो जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो, आणि चांगलं ऐकू येणारा माणूस त्यातला १० मायक्रोसेकंद इतका फरकही पकडू शकतो. वरच्या आवाजांना डोकं आड येतं, त्यामुळे दूरच्या कानापर्यंत ते मंद होऊन पोचतात. तिथे पातळीतला फरक वापरला जातो. ही विभागणी लॉर्ड रेले यांनी १९०७ मध्ये मांडली, आणि ती ढोबळमानाने आजही टिकून आहे.

तुमच्या हॉर्नचंच उदाहरण घेऊ. समजा तो डावीकडून, समोरच्या रेषेपासून ६० अंशांवर वाजला. त्याच्या वरच्या पट्टीतल्या भागात डाव्या कानाशी आवाज १५ डेसिबल जास्त पोचला. त्यातून द्रवाचे ३० वजा करा. आता डाव्या कॉक्लियाला उजव्यापेक्षा १५ डेसिबल कमी मिळतं. मेंदूला दिसतं: उजवा कान जोरात, म्हणजे आवाज उजवीकडे. हॉर्नच्या खालच्या पट्टीतला भाग मात्र डाव्या कानाशी जवळजवळ अर्धा मिलिसेकंद आधी आलेला असतो, तो "डावीकडे" असं सांगतो. पण त्या बाजूचा आवाज मंद, द्रवामुळे वेळही थोडी सरकलेली. दोन खुणा एकमेकींविरुद्ध जातात, म्हणून दिशा कधी धूसर वाटते, कधी सरळ उजवी.

ही तुलना होते मेंदूच्या खोडात, सुपीरियर ऑलिव्हरी कॉम्प्लेक्समध्ये. कानाकडून आलेली नस आधी कॉक्लिअर न्यूक्लियसमध्ये थांबते, आणि पुढच्याच टप्प्यावर दोन्ही कानांचे संदेश एकत्र येतात. या कॉम्प्लेक्समधला मधला ऑलिव्ह वेळेतला फरक मोजतो. बाजूचा ऑलिव्ह पातळी मोजतो: आपल्या बाजूचा कान त्याला उत्तेजित करतो, पलीकडच्या बाजूचा दाबतो. तुमच्या उजव्या बाजूला उत्तेजना पूर्ण येते आणि डावीकडून येणारा दाब कमी पडतो, म्हणून ती बाजू जास्त पेटते. ती आपलं काम चोख करते आहे.

इथून वरच्या टप्प्यांवर, म्हणजे इन्फीरियर कॉलिक्युलस, मीडियल जेनिक्युलेट आणि मग श्रवण कॉर्टेक्समध्ये, प्रत्येक बाजूला दोन्ही कानांची माहिती असते. तुमच्या शंकेसाठी हे फार महत्त्वाचं आहे. ऑलिव्हच्या वर एका बाजूला इजा झाली तर दिशा चुकू शकते, पण एक कान बहिरा होत नाही. एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, तर कारण कान, त्याची नस किंवा कॉक्लिअर न्यूक्लियस इथेच शोधायचं.

ईएनटीकडे ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क असतो. तो कपाळावर मध्यभागी ठेवल्यावर आवाज डाव्या, म्हणजे खराब कानात जास्त ऐकू आला, तर अडथळा मधल्या कानातलाच. नसेचा किंवा कॉक्लियाचा दोष असता तर तो चांगल्या कानाकडे गेला असता. ऑडिओग्रामवर हाडातून ऐकण्याची रेषा ठीक आणि हवेतून ऐकण्याची खाली, हाही तोच पुरावा.

द्रव गेला की पातळी जुळते आणि दिशा सहसा परत येते, मात्र कान बराच काळ बंद असेल तर नव्या मापाची सवय व्हायला मेंदूला वेळ लागू शकतो. तोपर्यंत रस्ता ओलांडताना कानावर भरवसा ठेवू नका, दोन्हीकडे बघा. आणि तुम्ही प्रौढ असाल तर एक गोष्ट टाळू नका: एकाच कानात पाणी टिकून राहिलं तर नाकामागचा घशाचा भाग दुर्बिणीने तपासून घ्या, कारण तिथली गाठ कधीकधी मधल्या कानाला घशाशी जोडणारी युस्टेशियन नळी दाबते आणि हे पाणी तिची पहिली खूण असू शकतं.