दस्त नोंदणीच्या दिवशी अर्धी रजा पुरते का?

प्रश्न: फ्लॅटच्या कराराची नोंदणी आहे, दुय्यम निबंधक कार्यालयात 11.45 चा स्लॉट मिळालाय. ऑफिसात हाफ डे टाकू की पूर्ण दिवस? आणि मेलमध्ये स्लॉटची वेळ लिहायची गरज असते का?

उत्तर:

पूर्ण दिवस टाका. स्लॉटची वेळही लिहा, पण त्यापुढे आणखी एक वाक्य लिहा. ते का, हे माझ्याच फजितीवरून सांगतो.

मी कंपनीत हजेरी आणि रजांचं काम बघतो. म्हणजे इतरांच्या अर्ध्या रजेचे हिशेब लावणारा माणूस. तरीही स्वतःच्या फ्लॅटच्या वेळी 11.30 चा स्लॉट पाहिला आणि पहिल्या सत्राची रजा टाकली. मनातलं गणित सोपं होतं: अकराला पोचायचं, साडेबाराला बाहेर, दोनला टेबलावर.

नोंदणी झाल्यावर दस्ताच्या मागची पानं वाचत बसलो, तेव्हा गणित कुठे चुकलं ते कळलं. तुमच्या घरी एखादा जुना नोंदणीकृत दस्त असेल तर त्यातला 'दस्त गोषवारा' उघडून बघा. त्यावर शिक्का क्र. 1, 2, 3, 4 अशा वेळा छापलेल्या असतात. पहिला सादरीकरणाचा, दुसरा फीचा, तिसरा दस्त करून दिल्याच्या कबुलीचा, चौथा ओळख पटवल्याचा. माझ्या दस्तावर पहिला शिक्का 2.52 चा आहे आणि चौथा 3.01 चा. म्हणजे ज्याला नोंदणी म्हणायचं ते काम नऊ मिनिटांत झालं. उरलेला सगळा दिवस त्या नऊ मिनिटांच्या आधी आणि नंतर गेला, आणि त्यातला काहीच स्लॉटच्या वेळेवर लिहिलेला नसतो.

आधीचा वेळ असा गेला. स्लॉट घेण्याआधी दस्ताची माहिती ऑनलाइन भरावी लागते, तीच पब्लिक डेटा एन्ट्री. बहुतेक ठिकाणी ती वकील किंवा एजंट भरतो आणि आपण बघत नाही. आमचा नंबर वेळेवर लागला, पण तपासताना कळलं की एन्ट्रीत माझ्या बायकोचं नाव नाही. करारात आम्ही दोघं खरेदीदार, एन्ट्रीत मी एकटाच. दुरुस्ती करणं अवघड नव्हतं, पण एजंटला फोन, त्याच्याकडून पासवर्ड, बदललेल्या एन्ट्रीची नवी प्रिंट यात पाऊण तास गेला. तोवर आमच्या मागचे पुढे गेले होते. मग जेवणाची सुट्टी. त्यानंतर सकाळचे राहिलेले आणि दुपारच्या स्लॉटवाले एकत्र उभे.

नंतरचा वेळ वेगळा. शिक्के झाले, फोटो आणि अंगठे झाले, तरी दस्त लगेच हातात येत नाही. मागची पानं छापून जोडायची, सगळ्या पानांना क्रमांक घालायचे, मग पूर्ण दस्त स्कॅन व्हायचा आणि त्यानंतर मूळ दस्त आणि सूची क्र. 2 मिळायची. माझ्या हातात कागद आले तेव्हा चार वाजायला आले होते. तिकडे ऑफिसात दोन वाजल्यापासून मी विनापरवाना गैरहजर. दुसऱ्या दिवशी माझी अर्धी रजा पूर्ण करण्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला, तो मीच साहेबांकडे पाठवला.

म्हणून स्लॉट म्हणजे आत जायची वेळ, बाहेर पडायची नव्हे. तुमचा 11.45 चा स्लॉट त्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागी आहे, कारण सकाळी अर्धा तास उशीर झाला तरी तुम्ही थेट जेवणाच्या सुट्टीत जाऊन पडता. कार्यालय उघडतानाचा पहिला किंवा दुसरा स्लॉट असता, एन्ट्री आदल्या दिवशी दस्तासमोर धरून तपासलेली असती आणि सगळी माणसं वेळेआधी हजर असती, तर अर्ध्या दिवसात सुटण्याची आशा होती. दुपारचा स्लॉट घेऊन दुसऱ्या सत्राची रजा टाकणारेही भेटतात. त्यात रजा वाचते खरी, पण काही अडलं तर पुढे सरकायला वेळच नसतो. काम दुसऱ्या दिवसावर जातं आणि रजा पुन्हा मागावी लागते. स्लॉट बदलता येत असेल तर सकाळचा पहिला बघा. शहरांमध्ये एकाच हद्दीत अनेक सह दुय्यम निबंधक कार्यालयं असतात. त्यांतली काही सकाळी लवकर उघडतात, काही संध्याकाळी उशिरापर्यंत, काही शनिवारी-रविवारीही चालू असतात. असं एखादं तुमच्या हद्दीत असलं तर रजेचा प्रश्नच मिटतो. मार्चचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. 1 एप्रिलपासून रेडी रेकनरचे दर बदलू शकतात म्हणून तेव्हा सगळ्यांनाच घाई असते.

रजा फक्त तुमची नसते, हेही लक्षात घ्या. करून देणारे आणि घेणारे सगळे लागतात, शिवाय त्यांना ओळखणारे दोन ओळखदार स्वतःच्या ओळखपत्रासह लागतात. ओळखदार म्हणून लोक हमखास ऑफिसातलाच मित्र नेतात. एकाच टीममधले दोघं एकाच दिवशी गायब, आणि दोघांच्या अर्जात 'वैयक्तिक काम'. असे अर्ज आले की मी न विचारताच समजतो. ओळखदाराला स्कॅनिंगपर्यंत थांबावं लागत नाही, पण चौथ्या शिक्क्यापर्यंत थांबावंच लागतं. माझ्या वेळी तेही तीन वाजले. त्यालाही हे आधी सांगा, नाहीतर मैत्री आणि रजा दोन्ही खर्ची पडतील. शक्य असेल तर ओळखदार म्हणून ज्याला रजा घ्यावी लागत नाही असा कुणीतरी शोधा. निवृत्त काका-मामा या कामाला उत्तम.

दुसऱ्या बाजूच्या कुणाला त्या दिवशी रजाच मिळाली नाही तर? नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 34 प्रमाणे सगळ्यांनी एकाच वेळी हजर राहायलाच हवं असं नाही. उपस्थित असलेले त्या दिवशी दस्त सादर करून कबुली देऊ शकतात, राहिलेला माणूस नंतर येऊन आपली कबुली देतो. तोवर दस्त प्रलंबित राहतो आणि क्रमांक पूर्ण होऊन हातात येत नाही. बँकेचं कर्ज त्यावर अडकलेलं असेल तर हा मार्ग परवडत नाही, पण नसेल तर निदान तुमची रजा वाया जात नाही.

आणि रजा नामंजूरच झाली तर घाबरू नका, फक्त दस्तावर सही कधी झाली ती तारीख बघा. कलम 23 प्रमाणे सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त सादर करायचा असतो. त्यानंतरही पुढच्या चार महिन्यांपर्यंत सादर करता येतो, पण कलम 25 खाली दंड लागतो आणि तो नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. सही परवाच झाली असेल तर स्लॉट आठवडाभर पुढे ढकलायला काहीच हरकत नाही. चौथा महिना संपत आला असेल तर ती शेवटची तारीख अर्जात स्पष्ट लिहा. माझा अनुभव असा की 'महत्त्वाचं काम आहे' या वाक्याने साहेब हलत नाहीत, 'अमुक तारखेनंतर दंड लागेल' या वाक्याने हलतात.

आता मेल. सगळ्यांची तारीख जमली, स्लॉट पक्का झाला, की त्याच दिवशी पाठवा. स्लॉट मिळायच्या आधी रजा मागू नका, तारीख हलली की मंजूर रजा फिरवणं अर्ज करण्यापेक्षा किचकट असतं. मी आमच्याकडच्या लोकांना साधारण असं लिहायला सांगतो:

"महोदय, माझ्या सदनिकेच्या कराराची नोंदणी दि. __ रोजी दुय्यम निबंधक कार्यालयात आहे. मला सकाळी 11.45 ची वेळ मिळाली आहे. ही आत जाण्याची वेळ असून काम पूर्ण व्हायला किती वेळ लागेल हे आधी निश्चित सांगता येत नाही. माझी सही, फोटो आणि अंगठा आवश्यक असल्याने मला स्वतः हजर राहावं लागेल. कृपया त्या दिवसाची पूर्ण रजा मंजूर करावी. काम दुपारपूर्वी आटोपल्यास मी दुसऱ्या सत्रात हजर होईन व तसं कळवेन. वेळेची पावती सोबत जोडली आहे."

यातलं 'आत जाण्याची वेळ' हे वाक्य गाळू नका. वरिष्ठ 11.45 वाचतात आणि मनातल्या मनात साडेबारा करतात. मग 'हाफ डे कर ना' असं उत्तर येतं. 'दुसऱ्या सत्रात हजर होईन' हेही खरंच पाळता येणार असेल तरच लिहा. काहींच्या कंपनीत पूर्ण रजा टाकून अर्धा दिवस हजर राहिलं तर उरलेली अर्धी परत मिळते, काहींत नाही. तुमच्याकडे काय चालतं ते आधी विचारून घ्या. परत मिळणार नसेल तर ते वाक्य काढून टाका आणि कागद हातात आल्यावर सरळ घरी जा.

त्या दिवशी ऑफिसला नेमकं कधी कळवायचं, तेही सांगतो. दस्त सादर झाला की नोंदणी फीची पावती मिळते. त्यावर मूळ दस्त आणि सूची-2 अंदाजे किती वाजता मिळेल ती वेळ छापलेली असते. ती अंदाजच असते, तरी दिवसभरात हातात येणारा पहिला भरवशाचा आकडा तोच. ती दिसली की साहेबांना निरोप टाका. त्याआधी 'आता होईलच' असं कळवू नका. मी बारा ते अडीच या वेळात तो निरोप चार वेळा पाठवला होता.

नंतर कुणी पुरावा मागितलाच तर हीच पावती पुरते, तारीख आणि वेळ दोन्ही तिच्यावर असतात. फक्त फोटो पाठवण्याआधी मोबदला आणि बाजारमूल्याच्या ओळीवर कागद ठेवा. मी ठेवला नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला माझ्या फ्लॅटची किंमत माहीत झाली होती.