टोटल जुळली, पण आकडे चुकीचेच

प्रश्न: बँकेच्या स्कॅन स्टेटमेंटवरून ओसीआर करून एक्सेल बनवलंय. सगळं पुन्हा न वाचता चुकलेले आकडे कसे शोधायचे? चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. स्कॅन तीनशे डीपीआयचा आणि सरळ नसेल, तर सगळी सारखीच रडवतात. खरं काम त्याच्या पुढचं.

निपाणीत एका कर सल्लागाराकडे कामाला होतो. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याचं स्टेटमेंट आलं, झेरॉक्सची झेरॉक्स, त्यावर बँकेचा गोल शिक्का. मी ओसीआर करून दिलं. आमच्या काकांनी नावे बाजूची बेरीज मारली, ती छापील टोटलशी पैशापर्यंत जुळली. मी म्हटलं, काका, ओळ न् ओळ तपासू या की. "टोटल टॅली झाली, आता काय बघतोस?" म्हणाले. पंधरा दिवसांनी एक शेतकरी तावातावाने आला. त्याला मिळाले होते १३,४५०, आमच्या खतावणीत त्याच्या नावावर १८,४५०. शिक्क्याच्या शाईत ३ चा ८ झाला होता. आणि खाली दुसऱ्या एकाच्या ८,२०० चे ३,२०० झाले होते. एक पाच हजारांनी वर, एक पाच हजारांनी खाली. टोटल जुळणारच की!

म्हणून टोटलवर जाऊ नका, प्रत्येक ओळीची शिल्लक तपासा. C मध्ये नावे, D मध्ये जमा, E मध्ये शिल्लक असेल तर तिसऱ्या ओळीत हे टाकून खाली ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

शून्य आलं तर ओळ बरोबर. आमच्या त्या ओळीत आधीची शिल्लक १,४६,३२०.५० आणि नंतरची १,३२,८७०.५० होती. १८,४५० धरले की उत्तर येतं उणे ५,०००. फरकात पाच आणि पुढे शून्यं दिसली की आधी ३ आणि ८ ची अदलाबदल बघायची. सहा आणि शून्यं असतील तर १ आणि ७.

एकाच ओळीत फरक असेल तर रक्कम चुकलीय. लागोपाठ दोन ओळींत तोच फरक, एकदा उणे, एकदा अधिक, तर रक्कम बरोबर आहे, पहिल्या ओळीतली शिल्लक चुकीची वाचलीय. `#VALUE!` आलं तर शून्याच्या जागी O अक्षर वगैरे बसलंय. ते एका परीने बरंच, निदान ओरडून सांगतं. SUM असला मजकूर गुपचूप वगळतो.

हो, तारीख आणि चेक नंबर यात पकडले जात नाहीत, ते डोळ्यांनीच बघायचे. कॅश क्रेडिट खातं असेल तर Dr असलेली शिल्लक आधी उणे करून घ्या, नाहीतर सगळीच पानं चुकीची दिसतील.

काका अजून सांगतात, ती टायपिंगची चूक होती. टायपिंग कुणी केलंच नव्हतं.